जुने बिंदू पुन्हा वापरताना: बहुपायरी पद्धतींवरची प्रश्नोत्तरे

प्रश्न: चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा, म्हणजे RK4, प्रत्येक पायरीला चार वेळा f काढते. जुने बिंदू वापरले की खर्च वाचतो म्हणतात, तो नेमका कुठे वाचतो?

f काढण्यात. y' = f(x, y) सोडवताना बाकीची बेरीज-वजाबाकी जवळपास फुकट असते. वेळ जातो तो f मध्ये, विशेषतः तिच्या आत शेकडो समीकरणे असतील तेव्हा. RK4 एका पायरीत चार ठिकाणी उतार मोजते, पुढच्या बिंदूवर जाते आणि ते चारही उतार टाकून देते. अॅडम्स-बॅशफोर्थ पद्धत मागच्या बिंदूंवरचे उतार जपून ठेवते. चौथ्या ऑर्डरचे तिचे सूत्र असे:

```
y[n+1] = y[n] + (h/24) * (55 f[n] - 59 f[n-1] + 37 f[n-2] - 9 f[n-3])
```

उजवीकडच्या चार उतारांपैकी फक्त f[n] नवा आहे, बाकीचे तीन आधीच हातात आहेत. म्हणजे एका पायरीला f एकदाच काढायची. मात्र त्याच h ला, म्हणजे पायरीच्या त्याच लांबीला, प्रत्येक पायरीची चूक RK4 पेक्षा सहसा बरीच मोठी असते. त्यामुळे दोन पद्धतींची तुलना समान h धरून करू नका. तेवढ्याच अचूकतेसाठी f एकूण किती वेळा काढावी लागली, ते मोजा.

प्रश्न: पहिले चार बिंदू मी ऑयलरने काढले आणि पुढे अॅडम्स-बॅशफोर्थ लावली. h निम्मे केले तर चूक सोळापट कमी व्हायला हवी, पण ती जेमतेम चौपट कमी होते. प्रोग्राममध्ये काय चुकले?

सूत्र बरोबर असणार, चूक सुरुवातीत आहे. y' = −y, y(0) = १ घ्या आणि h = ०.१ ठेवा. ऑयलरच्या तीन पायऱ्यांनंतर उत्तर ०.७२९ येते, खरे उत्तर ०.७४०८ आहे. म्हणजे चौथ्या ऑर्डरची पद्धत कामाला लागण्याआधीच ०.०११८ ची चूक पदरात पडली. पुढची पद्धत कितीही चांगली असली तरी ती या चुकलेल्या बिंदूपासूनच पुढे जाते, मागची चूक ती भरून काढत नाही. h = ०.०५ केले की तीन पायऱ्यांनंतरची चूक ०.००३३ होते, कारण ऑयलरची एका पायरीची चूक h च्या वर्गाच्या प्रमाणात असते. शेवटच्या उत्तरात तुम्हाला दिसणारी चौपट घट हीच आहे.

सुरुवात RK4 ने करा. तीन पायऱ्यांचा बारा f चा खर्च एकदाच होतो. शिवाय RK4 मधला प्रत्येक पायरीचा पहिला उतार, म्हणजे k1, हाच त्या बिंदूवरचा f असतो. तो साठवून ठेवा, पुन्हा काढू नका. खरे तर तिसऱ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टाही इथे पुरते, कारण सुरुवातीच्या पायऱ्या मोजक्याच असतात आणि त्यांची चूक h च्या चौथ्या घातापर्यंत राहिली तरी एकूण ऑर्डर टिकते. पण RK4 बहुतेकांकडे तयारच असते, मग तीच वापरावी.

प्रश्न: प्रेडिक्टर-करेक्टरमध्ये f पुन्हा दोनदा काढावी लागते. मग हा उपद्व्याप कशासाठी?

आधी अॅडम्स-बॅशफोर्थने पुढच्या बिंदूचा अंदाज घ्यायचा आणि मग दुसऱ्या सूत्राने तो सुधारायचा, हे दोन गोष्टींसाठी: चूक बरीच कमी होते आणि ती किती आहे याचा अंदाज जवळपास फुकट मिळतो. वरचेच उदाहरण RK4 ने सुरू करून पुढे नेऊ. h = ०.१ ने ०.९०४८३७५, ०.८१८७३०९ आणि ०.७४०८१८४ हे बिंदू मिळतात. वरच्या सूत्राने x = ०.४ ला प्रेडिक्टर ०.६७०३२३१ देतो. तिथला उतार काढून अॅडम्स-मोल्टनच्या सूत्रात घालायचा:

```
y[n+1] = y[n] + (h/24) * (9 f[n+1] + 19 f[n] - 5 f[n-1] + f[n-2])
```

करेक्टरचे उत्तर ०.६७०३१९९ येते, खरे ०.६७०३२००. करेक्टर वजा प्रेडिक्टर हा फरक −०.०००००३२ आहे. त्याला −१९/२७० ने गुणले की करेक्टरच्या या पायरीतल्या चुकीचा अंदाज मिळतो, ०.००००००२ च्या आसपास. खऱ्या उत्तरापासूनचे अंतर साधारण ०.००००००१ आहे. RK4 ने काढलेल्या आधीच्या बिंदूंची चूक उलट दिशेची असल्यामुळे ते थोडे कमी दिसते. असा अंदाज RK4 ला स्वतःहून देता येत नाही. पायरी दोनदा काढून ताडून पाहावी लागते किंवा जोडसूत्र घ्यावे लागते.

आता खर्च पाहू. x = १ पर्यंत प्रेडिक्टर-करेक्टरला सुरुवातीचे १२ आणि पुढच्या सात पायऱ्यांचे १४ धरून f २६ वेळा लागते, चूक सुमारे ०.०००००११. RK4 h = ०.२ ने चालवली तर f २० वेळा आणि चूक ०.०००००५८. h = ०.१ ने ४० वेळा आणि चूक ०.००००००३ च्या घरात. इतक्या छोट्या अंतरात बचत नजरेत भरत नाही, कारण जवळपास निम्मा खर्च सुरुवातीनेच खाल्ला. पण हजार पायऱ्या असतील तर तो १२ चा आकडा किरकोळ होतो. तेव्हा समान h ला खर्च RK4 च्या निम्मा, आणि समान खर्चाला चूक कितीतरी लहान.

प्रश्न: माझ्या समीकरणात −५०y सारखे पद आहे. अॅडम्स-बॅशफोर्थचे उत्तर दर पायरीला वर-खाली उड्या घेत फुगत जाते. RK4 ला त्याच h ला काही होत नाही.

h फार मोठे आहे, पण अचूकतेच्या नव्हे, स्थिरतेच्या दृष्टीने. y' = λy साठी चौथ्या ऑर्डरची अॅडम्स-बॅशफोर्थ hλ = −०.३ च्या पलीकडे कोसळते. RK4 मात्र साधारण −२.७८ पर्यंत तग धरते. −०.३ ला चूक दर पायरीला चिन्ह बदलते, तुम्हाला दिसणाऱ्या उड्या तिथूनच येतात. λ = −५० ला अॅडम्स-बॅशफोर्थचे h ०.००६ च्या आत हवे, म्हणजे x एककभर पुढे सरकायला f सुमारे १६७ वेळा. RK4 ला h ०.०५५ चालते, म्हणून f ७० ते ७५ वेळाच लागते. इथे बहुपायरी पद्धत सरळ महाग पडते. असे पद असेल तर h कमी करत बसण्यापेक्षा BDF कडे वळा. तीही बहुपायरीच आहे, पण अव्यक्त, आणि अशाच स्टिफ समीकरणांसाठी आहे.

प्रश्न: मध्येच h बदलायचे असेल तर?

इथे एकपायरी पद्धत खरोखर सोयीची. तिला मागचे काही आठवावे लागत नाही. अॅडम्सची सूत्रे समान अंतरावरच्या बिंदूंसाठी आहेत. h दुप्पट करायचे तर एकाआड एक बिंदू घेता यावेत म्हणून सात जुने उतार साठवलेले हवेत. निम्मे करायचे तर मधले उतार इंटरपोलेशनने काढावे लागतात. f मध्ये अचानक उडी असेल, उदाहरणार्थ एखादा स्विच चालू होत असेल, तर जुने उतार निरुपयोगीच. त्या क्षणी थांबून सुरुवात पुन्हा करा. असे स्विच दर काही पायऱ्यांनी येत असतील तर RK4 च बरी, कारण प्रत्येक वेळी सुरुवातीचे १२ f पुन्हा मोजावे लागतात.

तयार प्रोग्राम यातून वेगळा मार्ग काढतात. SciPy मधल्या `LSODA` सारखे सॉल्व्हर पहिल्या ऑर्डरने, अगदी छोट्या h ने सुरू होतात आणि बिंदू जमतील तशी ऑर्डर व पायरी वाढवत नेतात, त्यामुळे वेगळी RK सुरुवात लागत नाही. समीकरण स्टिफ झाले की `LSODA` स्वतःच अॅडम्सवरून BDF वर जाते.