आधी जास्त भरलेला माल पाहा

प्रश्न: आमचे छोटे किराणा दुकान आहे. दर महिन्याला हिशोबातल्या शिल्लकीपेक्षा माल कमी भरतो. चोरी, खराब माल आणि बिलातल्या चुका वेगवेगळ्या कशा ओळखाव्यात? कॅमेरे बसवावेत का?

उत्तर:

माल कमी भरला की पहिला संशय दुकानातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसावर जातो. आमच्याकडेही तसेच झाले, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे दुकान सोलापुरात मंगळवार पेठेच्या बाजूला आहे. मी आणि थोरले बंधू मिळून ते चालवतो. हाताने बिले लिहिणे सोडून संगणक घेतला, त्याच वर्षी एप्रिलअखेरच्या मोजदादीत स्पॅनिश शेंगदाणा कमी भरला. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक २२ किलो होती, आवक ५० किलोची तीन पोती, म्हणजे १५० किलो, आणि बिलांप्रमाणे विक्री १३१ किलो ५०० ग्रॅम. शिल्लक ४० किलो ५०० ग्रॅम असायला हवी होती. काट्यावर २६ किलो ३०० ग्रॅमच भरली. १४० रुपयांच्या दराने ही १४ किलो २०० ग्रॅमची तूट दोन हजारांच्या घरात जाते. सुटा माल तोलून पुडे बांधणारा मुलगा एकच होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याची आई घरी विड्या वळत असे. दादांनी दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढले. आपण काही घेतलेले नाही, एवढेच तो म्हणाला. मी मध्ये पडलो नाही.

मे महिन्यात तो मुलगा नसतानाही तोच शेंगदाणा १२ किलो कमी भरला. तेव्हा मी एप्रिलचा मोजदादीचा कागद पुन्हा काढला. दादांनी जिथे तूट होती तिथे लाल पेनाने गोल केले होते, आणि जिथे माल जास्त भरला होता त्या ओळी तशाच सोडल्या होत्या. त्यांतच घुंगरू शेंगदाण्याची ओळ होती: सुरुवातीला १८ किलो, आवक दोन पोती, विक्री ९७ किलो, उरायला हवा होता २१ किलो आणि प्रत्यक्षात होता ३२ किलो. दुकानात माल आपोआप वाढत नाही. ११ किलो स्पॅनिश शेंगदाणा घुंगरूच्या नावाने विकला गेला होता, कारण संगणकावर ‘शेंग’ एवढे टाइप केले की यादीत घुंगरू वर येत असे आणि संध्याकाळच्या गर्दीत पहिलेच नाव निवडले जाई. घुंगरूचा दर १२० रुपये होता, म्हणजे आमचे खरे नुकसान ११ किलोंवर वीस रुपयांप्रमाणे २२० रुपयांचे होते.

उरलेल्या ३ किलो २०० ग्रॅमचाही माग लागला. आमच्याकडे पोते बारदानासकट तोलून तेच वजन आवक म्हणून लिहिले जाई. रिकामे पोते तोलले तर अर्ध्या किलोच्या थोडे पुढे भरले. पाच पोत्यांचे पावणेतीन किलो तिथेच गेले. राहिले साडेचारशे ग्रॅम. सव्वादोनशे किलो माल पाव-पाव किलोने तोलताना काटा किंचित नमता ठेवला जातो आणि थोडे सांडतेही. त्या मानाने ही घट काहीच नाही.

यातून ओळखण्याची खूण निघते. बिलातली चूक बहुधा जोडीने येते: एक माल कमी, त्याच्याच जवळच्या नावाचा, आकाराचा किंवा दराचा दुसरा माल जवळपास तितकाच जास्त. म्हणून मोजदादीच्या कागदावर आधी जास्त भरलेल्या ओळींना खूण करा आणि प्रत्येकीची जोडी शोधा. जोडी जुळली की ती तूट बाजूला काढा. मोजदाद मात्र दुकान बंद झाल्यावर आणि त्या दिवसाची सर्व खरेदी चढवल्यावरच करा, नाहीतर आलेला पण न लिहिलेला माल खोटी वाढ दाखवतो. वितरकाच्या योजनेत डझनावर एक नग फुकट येतो; तो आवकेत चढवला नाही तर साबणाचा एक नग चोरीला जाऊनही हिशोब बरोबर दिसतो. तूट लपवणारी चूक ही तूट दाखवणाऱ्या चुकीपेक्षा वाईट.

खराब मालाचे काम त्या मानाने सोपे आहे, पण ते त्याच दिवशी करावे लागते. फुटलेली तेलाची पिशवी, उंदराने कुरतडलेला पुडा, कीड लागलेला रवा, पावसाळ्यात पाघळलेला गूळ, हे सगळे टाकण्याआधी तोलून वहीत लिहा. महिन्याअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीला अर्थ नाही. तेव्हा प्रत्येक तूट ‘खराब झाले असेल’ या नावाखाली जाते. आणखी एक वाट आमच्या फार उशिरा लक्षात आली: मुदत संपलेला माल वितरकाचा माणूस परत घेऊन जातो आणि त्याची जमा पुढच्या बिलात येते. नेला त्या दिवशी जावक लिहिली नाही, तर तो माल चोरीला गेल्यासारखाच दिसतो.

या दोन्ही गोष्टी वजा करून जे उरते, त्यातच चोरी शोधावी. चोरीची तूट सहसा पूर्ण नगांत असते, लहान आणि महाग वस्तूंत असते, आणि तिला कुठेही जोडी सापडत नाही. ब्लेड, काजू-बदामाची पाकिटे, केसांच्या तेलाच्या लहान बाटल्या अशा दहा वस्तू ठरवून रोज रात्री मोजा. दोन मिनिटे लागतात, आणि तूट कोणत्या दिवशी पडली ते कळते. त्याच रात्री गल्लाही जुळवा. माल कमी आणि गल्ल्यात तेवढेच पैसे जास्त असतील, तर कोणीतरी बिल न करता माल विकून पैसे प्रामाणिकपणे टाकले आहेत. माल बरोबर आणि पैसे कमी असतील, तर आधी न लिहिलेली उधारी आठवा. माल कमी आणि गल्ला बरोबर असेल, तर माल तरी गेला आहे किंवा विक्रीचे पैसे खिशात गेले आहेत. या दोहोंतला फरक वही सांगत नाही, तिथे मात्र कॅमेरा उपयोगी पडतो. तो गल्ल्यावर आणि काट्यावर रोखलेला असावा, दारावर नव्हे.

हे सर्व किराण्याला लागू आहे. भाजी किंवा फळे विकत असाल तर वजन रोजच उतरते आणि ही पद्धत तितकी चालत नाही. सुक्या लाल मिरचीचेही आमच्याकडच्या उन्हाळ्यात तसेच होते, म्हणून तिच्या तुटीवरून कोणावर बोट ठेवू नये.

दादा आजही म्हणतात की मुलगा गेल्यावर दुकान ताळ्यावर आले. तारखा पाहिल्या तर दिसते की तो मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी गेला आणि तूट जूनमध्ये एक किलोच्या आत आली, कारण जूनच्या सुरुवातीला मी संगणकातली नावे ‘घुंगरू शेंगदाणा’ आणि ‘स्पॅनिश शेंगदाणा’ अशी बदलली आणि पोत्याचे वजन वजा करू लागलो. आणि एप्रिल-मे या दोन्ही महिन्यांत बिलाच्या संगणकावर मुलगा बसत नव्हता, दादा बसत होते.