रेझ्युमेतली केस स्टडी: चार ओळी, खरे आकडे

प्रश्न: मी सांगलीचा, यूएक्स डिझायनर. बेदाणा ठेवायच्या कोल्ड स्टोरेजसाठी अ‍ॅप डिझाइन केलं. शिल्लक किती हे विचारायला शेतकरी सारखे फोन करायचे. ६ जणांशी बोललो. आधी यादी प्रतवारीनुसार होती, ती पावतीनुसार केली. जुन्या डिझाइनवर ६ पैकी २ जणांना शिल्लक पेट्या सापडल्या, नव्यावर दुसऱ्या ६ पैकी ५ जणांना. अ‍ॅप अजून चालू झालेलं नाही. रेझ्युमेत हे कसं लिहू?

उत्तर: आमच्याकडे डिझायनर घेताना पहिली चाळणी मी लावतो. तुमच्याजवळचं साहित्य पुरेसं आहे, फक्त नीट मांडायला हवं. मी असं लिहीन:

- बेदाण्याच्या किती पेट्या शिल्लक आहेत हे कळायला शेतकऱ्यांना कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसला फोन करावा लागे.
- ६ शेतकऱ्यांच्या मुलाखती; माल ते प्रतवारीवरून नव्हे, पावतीवरून ओळखतात असं दिसलं.
- म्हणून प्रतवारीची यादी काढून टाकून पहिल्या स्क्रीनवर पावतीनुसार शिल्लक दाखवली.
- चाचणीत शिल्लक शोधू शकले: आधी ६ पैकी २, बदलानंतर वेगळ्या ६ पैकी ५ (प्रोटोटाइप).

दुसरी ओळ मी अंदाजाने लिहिली आहे. मुलाखतींत खरंच तसं निघालं असेल तरच ठेवा, नाहीतर जे निघालं ते लिहा. सगळ्यात जास्त वजन तिसऱ्या ओळीला आहे. तिथे काय सोडलं आणि कशाच्या आधारावर सोडलं हे दिसतं. बहुतेक रेझ्युमेंत त्या जागी 'वायरफ्रेम केले, प्रोटोटाइप केला' असं असतं. ती कामं सगळेच करतात, त्यातून तुमचा निर्णय कळत नाही.

चौथ्या ओळीत टक्के घालायचा मोह होईल. २ वरून ५ म्हणजे '१५० टक्के सुधारणा', हिशेब बरोबर आहे. पण मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'किती जणांवर?' सहा म्हटलं की बाकीच्या ओळींवरही शंका येते. इतक्या थोड्या लोकांत एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी शिल्लक शोधू शकलेल्यांची टक्केवारी सोळा-सतराने हलते. म्हणून 'पैकी' हीच भाषा ठेवा, आणि 'प्रोटोटाइप' हा शब्द गाळू नका. तो वगळला तर वाचणाऱ्याला अ‍ॅप बाजारात आहे असं वाटेल.

टीम असेल तर तुमचा वाटा शीर्षकातच येऊ दे: 'मुलाखती आणि स्क्रीन डिझाइन, एकट्याने' किंवा जे खरं असेल ते. बाकी स्क्रीन पोर्टफोलिओत राहू द्या, इथे फक्त लिंक द्या.

अ‍ॅप चालू झाल्यावर 'फोन कमी झाले' हा आकडा सगळ्यात मोलाचा ठरेल, पण त्यात एक खोच आहे. नवा बेदाणा मुख्यतः उन्हाळ्यात येतो, मग सौद्यांप्रमाणे साठा कमी होत जातो. साठा घटला की फोनही आपोआप कमी होणार, त्याचं श्रेय डिझाइनला देता येणार नाही. म्हणून ऑफिसातल्या माणसाला आत्तापासूनच वहीत रोजचे फोन आणि त्या दिवशीच्या एकूण पेट्या लिहून ठेवायला सांगा. पुढे दर हजार पेट्यांमागे किती फोन आले, याची आधीची आणि नंतरची तुलना करा आणि चौथी ओळ तेव्हा बदला.