फोटोतल्या तुकड्यावरून स्वेटरला किती लोकर लागेल हे कसं काढायचं

स्वेटरला किती लोकर लागेल हे विचारताना तुम्ही नमुन्याचा तुकडा विणलात, त्याचा फोटोही काढलात, छान. पण तो न धुता काढलेला दिसतोय. आधी तुकडा धुवा, न ताणता सपाट वाळवा आणि मग फोटो घ्या. कित्येकदा धुतल्यावर माप बदलतं.

पट्टी तुकड्यावरच ठेवा आणि मोबाईल बरोबर वरून धरा. तिरका धरला की लांबच्या ओळी बारीक दिसतात आणि मोजणी चुकते. फोटो मोठा करून मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरू नका. अर्धा टाका आला तर तोही लिहा, सोडू नका.

समजा दहा सेंटिमीटरात २२ टाके आणि ३० ओळी आल्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरला ६६० टाके. तुमचा तुकडा ३३ टाके आणि ४५ ओळींचा, म्हणजे १,४८५ टाक्यांचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन १० ग्रॅम भरलं असं धरू.

आता स्वेटर. घेर १०० आणि उंची ६०, म्हणजे ६,००० चौरस सेंटिमीटर. बाही ४५ लांब, सरासरी ३० रुंद, दोन्हींचे २,७००. एकूण ८,७००, म्हणजे ५७,४२० टाके. त्यांना साधारण ३८७ ग्रॅम लोकर लागेल. पट्ट्या, गळा आणि शिवण यांसाठी १५ टक्के वाढवा: ४४५ ग्रॅम. ५० ग्रॅमचे नऊ गुंडे, सगळे एकाच लॉटचे घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा वेगळी निघू शकते. हे साध्या सुलट विणीचं गणित आहे, वेण्यांच्या नक्षीला लोकर जास्त लागते.