'शाकाहारी अंडी' म्हणून विकता येतील का?

प्रश्न : आमच्याकडे ४० गावरान कोंबड्या आणि ४ कोंबडे आहेत. बाजारात गिऱ्हाईक म्हणतं, फार्मची पांढरी अंडी शाकाहारी आणि गावरान तपकिरी अंडी मांसाहारी. हे खरं का? आम्हाला शाकाहारी अंडी देता येतील का?

उत्तर : कवचाच्या रंगाचा याच्याशी काही संबंध नाही, रंग जातीनुसार ठरतो. फरक कोंबड्याचा आहे. कोंबडी कोंबड्याविनाही अंडी घालते. लेअर फार्मवर पिंजऱ्यांत नर नसतातच, म्हणून ती अंडी अफलित असतात आणि कितीही उबवली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही. तुमच्याकडे दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे, त्यामुळे तुमची बहुतेक अंडी फलित असणार.

अफलित अंडी हवी असतील तर कोंबडे वेगळ्या खुराड्यात ठेवा. मात्र दुसऱ्याच दिवशीची अंडी अफलित समजू नका. कोंबड्याचं वीर्य कोंबडीच्या अंडनलिकेत साठून राहतं आणि पुढे दोन ते तीन आठवडे अंडी फलित करू शकतं. इथेच बहुतेकांची चूक होते. म्हणून पूर्ण तीन आठवडे थांबा, मग रोजच्या अंड्यांतली चार-पाच पसरट बशीत फोडून पाहा. बलकावर एक पांढरा ठिपका असतो, दिसला नाही तर बलक चमच्याने हळूच फिरवा. ठिपका बारीक, गच्च आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं अफलित. तो ज्वारीच्या दाण्याएवढा, गोल आणि भोवती फिकट कडं असलेला असेल तर फलित. ताजं अंडं टॉर्चवर धरून हे कळत नाही. पाच-सात दिवस उबवल्यावरच आत लाल शिरांचं जाळं दिसतं.

बलकावरचा रक्ताचा थेंब म्हणजे गर्भ नव्हे. बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो, अफलित अंड्यातही. पांढऱ्यातली पिळदार दोरी तर प्रत्येक अंड्यात असते, ती बलक मध्यभागी धरून ठेवते.

एवढं करूनही ट्रेवर 'शाकाहारी' लिहू नका, हिरवा ठिपका तर मुळीच नको. अन्नपदार्थांच्या लेबलिंग नियमांत अंडं मांसाहारी गटातच येतं, मग ते फलित असो वा अफलित. 'कोंबड्याविना, अफलित अंडी' असं लिहा. ते खरं आहे. खायचं की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल.

पिल्लांसाठी थोड्या कोंबड्या नरांसोबत ठेवाल, तर त्यांची अंडी वेगळ्या टोपलीत जमा करा. फलित अंडं खायला सुरक्षितच आहे, गार जागी त्यात वाढ होत नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये पारा चढला की न उबवताही गर्भ वाढू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. ते अंडं लवकर नासतं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा अंडी गोळा करा आणि खुडूक कोंबडी घरट्यातून उठवा.