मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांची बत्तीस कलमे आणि आजोळचे घर

प्रश्न: न्यायाधीश परीक्षेची तयारी करतो आहे. न्याय संहितेची कलमे आज पाठ केली की आठवड्यात विसरतात, आणि भारतीय दंड संहितेचे जुने आकडे मध्येच आठवतात. स्मृतिमहाल आणि गट पाडणे याबद्दल ऐकले आहे, पण कलमांसाठी ते प्रत्यक्षात कसे करायचे?

भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमे आहेत. स्मृतिमहाल म्हणजे ओळखीच्या घरातल्या ठरावीक ठिकाणी मनाने चित्रे ठेवणे आणि त्याच वाटेने हिंडून ती आठवणे. सगळी कलमे अशा एका महालात बसवायचा प्रयत्न करू नका. एक प्रकरण घ्या, त्याचे घर पक्के करा आणि मगच पुढच्या प्रकरणाकडे वळा. मी स्वतः सुरुवात प्रकरण १७ पासून केली, म्हणजे मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांपासून, आणि तुम्हालाही तेच सुचवेन. कारण या प्रकरणातील गुन्हे डोळ्यांसमोर उभे राहतात आणि कायदा करणाऱ्यांनीच त्यांचे गट पाडून ठेवले आहेत.

हे प्रकरण कलम ३०३ पासून ३३४ पर्यंत आहे, म्हणजे ३२ कलमे. बत्तीस सुट्या गोष्टी मनात राहत नाहीत. संहिता उघडून या प्रकरणातील उपशीर्षके मात्र पाहा: चोरी, बलाद्ग्रहण (ज्याला आपण रोजच्या भाषेत खंडणी म्हणतो), जबरी चोरी आणि दरोडा, अपहार, न्यासभंग, चोरीचा माल स्वीकारणे, ठकवणूक, कपटाचे दस्तऐवज व मालमत्तेची विल्हेवाट, आगळीक आणि अतिक्रमण. हे दहा गट झाले. पाचापाचांचे कृत्रिम गट पाडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्या गटाला अर्थाचा धागा नसतो, त्यामुळे एक कलम निसटले की शेजारचे कलम त्याला परत आणून देत नाही. गट अर्थानेच पडले पाहिजेत, मग तो एका कलमाचा असो किंवा सहा कलमांचा.

आता घर. मी कोकणातले आजोळचे घर घेतले, कारण त्यात मी डोळे मिटून हिंडू शकतो. अंगणातले तुळशीवृंदावन, पायरी, झोपाळ्याची ओटी, माजघर, देवघर, कोठीची खोली, स्वयंपाकघरातली चूल, मागची पडवी, न्हाणी आणि परसाचे दार अशी दहा ठिकाणे मी चालण्याच्या क्रमाने ठरवली. तुमचे घर दोन खोल्यांचे असले तरी चालेल. फक्त लागोपाठची ठिकाणे एकमेकांसारखी दिसता कामा नयेत. माझ्या पहिल्या आराखड्यात पुढची पडवी आणि मागची पडवी अशी दोन ठिकाणे होती, आणि तिथली चित्रे सतत एकमेकांत मिसळत. पुढची पडवी काढून टाकल्यावर तो गोंधळ थांबला.

इथपर्यंत क्रम मिळतो, आकडा मिळत नाही, आणि परीक्षेत तर आकडाच विचारला जातो. यासाठी आपल्याकडची कटपयादि पद्धत फार उपयोगी पडते. तिच्यात क, ट, प, य या अक्षरांची किंमत १ असते. ख, ठ, फ, र यांची २. ग, ड, ब, ल यांची ३. घ, ढ, भ, व यांची ४. ङ, ण, म, श यांची ५. च, त, ष यांची ६. छ, थ, स यांची ७. ज, द, ह यांची ८. झ, ध यांची ९ आणि ञ, न यांची शून्य. व्यंजनाला लागलेला स्वर आणि अनुस्वार मोजत नाहीत. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ रागांची, नावे याच पद्धतीने बांधलेली आहेत: धीरशंकराभरणम् मधील ‘धी’ म्हणजे ९ आणि ‘र’ म्हणजे २, ते उलटे वाचले की २९, आणि तो एकोणतिसावा मेळ आहे. परंपरेत आकडे असे उजवीकडून डावीकडे वाचतात. मी मात्र सोयीसाठी डावीकडून उजवीकडे वाचतो, कारण परीक्षेच्या घाईत उलटापालट करताना चूक होते.

या प्रकरणातील सगळे आकडे ३ ने सुरू होतात, म्हणून शेवटचे दोन अंक पुरतात, आणि तेही फक्त गटाच्या पहिल्या कलमाचे. चोरी ३०३ पासून सुरू होते: न आणि ग, म्हणजे ‘नग’. तुळशीवृंदावनावर सोन्याचा नग ठेवलेला आहे आणि एक हात तो हळूच सरकवतो आहे. खंडणी ३०८: ‘नंदी’. पायरीवर दगडी नंदी आडवा बसला आहे आणि पैसे दिल्याशिवाय आत जाऊ देत नाही. जबरी चोरी व दरोडा ३०९ पासून: ‘निधी’. अपहार ३१४ पासून: ‘कुंभ’, माजघराची जमीन खणताना सापडलेला आणि मालक न शोधता ठेवून घेतलेला. न्यासभंग ३१६: ‘पत’. पत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून देवघरात पतपेढीचे फाटलेले पासबुक ठेवले आणि त्यातली पहिली दोनच अक्षरे मोजायची असे ठरवले. चोरीचा माल ३१७: ‘पैसे’, कोठीच्या खोलीत रात्री मोजले जाणारे. ठकवणूक ३१८ पासून: ‘कांदा’, चुलीपाशी बसून खोटे अश्रू काढणाऱ्या माणसाच्या हातातला. कपटाचे दस्तऐवज ३२० पासून: ‘रान’, सावकाराला मिळू नये म्हणून मागच्या पडवीत घडी घालून लपवलेले आख्खे रान. आगळीक ३२४ पासून: ‘रवा’, न्हाणीत ओतून नासवलेला. अतिक्रमण ३२९ पासून: ‘रंधा’, ज्याने परसाचे दार कोणीतरी बाहेरून तासते आहे. प्रत्येक गट कुठे संपतो हे वेगळे पाठ करावे लागत नाही, कारण पुढचा गट जिथे सुरू होतो त्याच्या आधीचे कलम हेच त्याचे शेवटचे. फक्त ३३४ तेवढे लक्षात ठेवायचे. ते बंद पात्र फोडण्याचे कलम आहे, म्हणून परसाच्या दारापाशी शेवटी एक फोडलेली ट्रंक ठेवा.

आता एक गट आत जाऊन पाहू. ओटीवरच्या चित्रात पाच कलमे आहेत आणि ती डावीकडून उजवीकडे मांडली आहेत. डाव्या कोपऱ्यात एकटा माणूस आजोबांचा गळा धरून निधीची पेटी ओढतो आहे: ३०९, जबरी चोरी. त्याच्या शेजारी पाच जण रांगेत उभे आहेत, कारण दरोड्यासाठी किमान पाच माणसे लागतात: ३१०. मधोमध झोपाळ्यावर कोयता आहे आणि कोयत्याला रक्त लागलेले आहे: ३११, जबरी चोरी किंवा दरोडा घालताना प्राणघातक हत्यार वापरणे, जबर दुखापत करणे अथवा ठार मारण्याचा किंवा जबर दुखापतीचा प्रयत्न करणे. त्याच्या उजवीकडे कोयता आहे, पण कोरडा, आणि तो धरणाऱ्याचे हात रिकामे परतलेले आहेत: ३१२, हत्यार जवळ बाळगून केलेला जबरी चोरीचा किंवा दरोड्याचा प्रयत्न. उजव्या टोकाला खांबाला टेकून एक टोळी नुसती बसली आहे: ३१३, नेहमी चोऱ्या वा जबरी चोऱ्या करणाऱ्या टोळीचा सदस्य असणे. आता कोणी ३१२ विचारले, तर १२ हा आकडा निधी (०९) आणि कुंभ (१४) यांच्या मध्ये येतो, म्हणून तुम्ही ओटीवर पोहोचता, डावीकडून चौथ्या दृश्यापाशी थांबता आणि कोरडा कोयता पाहता. ३११ आणि ३१२ यांत परीक्षक हमखास अडकवतो, कारण दोन्हींत किमान सात वर्षांची शिक्षा आहे. रक्त आणि कोरडे पाते हा फरक चित्रात असल्यामुळे माझा तिथे पुन्हा गोंधळ झाला नाही. चित्र काढताना कायद्यातला नेमका फरक कोणत्या खुणेत उतरवायचा हे ठरवणे, हाच या पद्धतीतला सर्वांत मोलाचा अभ्यास आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच दुसऱ्याची तयार चित्रे घेऊ नयेत.

दहा ठिकाणे बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. घर पक्के झाले की नाही हे क्रमाने म्हणून कळत नाही. क्रमाने तर पाढाही म्हणता येतो. चिठ्ठ्यांवर ३०३ ते ३३४ आकडे लिहा, त्या मिसळा आणि एकेक उचला. चार-पाच सेकंदांत कलम सांगता आले नाही तर चिठ्ठी बाजूला ठेवा, आणि शेवटी पाहा की बाजूला पडलेल्या चिठ्ठ्या कोणत्या ठिकाणच्या आहेत. त्या बहुधा एका-दोन ठिकाणीच जमतात, आणि तिथले चित्र निर्जीव असते: काही घडत नसते, वस्तू नुसती ठेवलेली असते. माझा रवा असाच बरेच दिवस निसटत होता. तो न्हाणीच्या मोरीत ओतला जाऊन फुगतो आहे आणि पाणी तुंबते आहे असे केल्यावर राहिला. ही फेरी त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी करा. तुमचे आठवड्यात विसरणे बहुतेक या मधल्या फेऱ्या न झाल्यामुळे असावे.

जुन्या आकड्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा त्रासदायक आहे. दंड संहितेत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवधाची शिक्षा होती, न्याय संहितेत ३०४ म्हणजे हिसकावून केलेली चोरी. तिथे ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, इथे ३०७ म्हणजे मारण्याची वा दुखापतीची तयारी करून केलेली चोरी. एका सराव परीक्षेत मी ३०४ पुढे सरळ मनुष्यवध लिहून आलो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू असल्यामुळे जुने आकडे पुसून टाकताही येत नाहीत. मी आधी दोन्ही आकडे त्याच घरात ठेवून पाहिले आणि सगळे विसकटले. शेवटी जुन्या संहितेला माझ्या शाळेची इमारत दिली आणि तिथे या प्रकरणापुरते मोजकेच आकडे ठेवले: चोरीच्या शिक्षेचे ३७९, खंडणीचे ३८४, जबरी चोरीचे ३९२, दरोड्याचे ३९५, न्यासभंगाचे ४०६, चोरीच्या मालाचे ४११ आणि ठकवणुकीचे ४२०. प्रश्नात गुन्ह्याची तारीख वाचली की आधी ठरवायचे, आजोळी जायचे की शाळेत, आणि मगच आकडा शोधायचा.

गुन्ह्याचे घटक मात्र मी या घरात ठेवत नाही. चोरीसाठी अप्रामाणिक हेतू, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा कब्जा, संमतीचा अभाव आणि वस्तू हलवणे हे सगळे लागते. ते तुळशीवृंदावनापाशी कोंबले की नगच दिसेनासा होतो. घटक उदाहरणे सोडवूनच बसतात. संहितेने कलमाखाली जी दृष्टान्ते दिली आहेत, ती झाकून उत्तर लिहा आणि मग उघडून ताडून पाहा. प्रकरण ६, म्हणजे शरीराविरुद्धचे गुन्हे, यांना दुसरे घर लागेल; तिथे १०० पासून १४६ पर्यंत कलमे आहेत, म्हणजे शेवटचे दोन अंक ०० पासून ४६ पर्यंत जातात आणि ०३, ०८, १४ हे अंक तिथेही येतात. म्हणून त्या घरात नग, नंदी आणि कुंभ पुन्हा वापरू नका. ०३ साठी ‘नळ’ चालणार नाही, कारण कटपयादित ळ ची किंमत ३ नसते. ‘नाल’ किंवा ‘निब’ घ्या.