चार टक्के गळती, पण कोणाची?

प्रश्न: आमचं छोटं सबस्क्रिप्शन सॉफ्टवेअर आहे. चर्न, नवीन साइनअप आणि अपग्रेड यांवरून पुढच्या तिमाहीचा महसूल एक्सेलमध्ये कसा काढायचा? FORECAST फंक्शन चालेल का, की सरासरी चर्न लावून पुढे न्यायचं?

FORECAST चालणार नाही. ते मागच्या आकड्यांतून सरळ रेघ ओढतं. तुमच्याकडे मागच्या महिन्यात कोण आले आणि ते किती टिकतील, याचा त्याला पत्ता नसतो. सरासरी चर्नबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या एका विषयावरून माझ्या आतेभावाचं आणि माझं आजही पटत नाही.

दादाची कंपनी वागळे इस्टेटमध्ये होती, अजूनही आहे. दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप, महिना 1,000 रुपये अधिक जीएसटी. मी तिथे हिशेब आणि एक्सेल दोन्ही बघायचे. ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षा, दुपारी टपरीवरचा चहा, आणि महिन्याच्या पाच तारखेला दादाच्या टेबलावर शीट. त्याचं सूत्र एकच: महिन्याच्या सुरुवातीचा आकडा घ्यायचा, चार टक्के चर्न, म्हणजे गळती, वजा करायची, नवीन आणि अपग्रेड मिळवायचे, पुढच्या महिन्याला तेच. आणि खरं सांगायचं तर त्या सूत्राने वर्षभर बरोबर उत्तर दिलं होतं. म्हणूनच तो ऐकेना.

बरोबर का येत होतं ते आधी बघा. मी दीड वर्षाच्या पेमेंटची फाईल काढली आणि पिव्होट टेबल मांडलं. उभ्या बाजूला ग्राहकाचा पहिल्या पेमेंटचा महिना, आडव्या बाजूला त्यानंतर कितव्या महिन्यापर्यंत त्याने पैसे भरले. दिसलं असं, की नवीन आलेल्या शंभरांतले वीस जण दुसरं पेमेंटच करत नाहीत. जे करतात त्यांतले दहा टक्के तिसऱ्याला गळतात. आणि तिथून पुढे टिकलेले महिन्याला जेमतेम अडीच टक्के जातात. तेव्हा आमचे साधारण 900 ग्राहक असायचे आणि महिन्याला 60 नवीन. म्हणजे ताजे 60, त्याआधीच्या महिन्याचे उरलेले 48 आणि जुने 792. यांतून गळणार 12, 5 आणि 20, मिळून 37. भागिले 900, चार टक्के. दादाचे चार टक्के खोटे नव्हते. ते फक्त त्या मिश्रणाचे होते.

मग आली गणपतीची ऑफर. कल्पना दादाचीच: साइनअप करा, थर्मल प्रिंटर फुकट. सप्टेंबरात 200 नवीन आले. नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत पोरं प्रिंटर वाटत फिरत होती. सप्टेंबरअखेर बरोबर 1,000 ग्राहक झाले आणि ऑफिसात पेढे आले. पण त्या हजारांत 200 पहिल्या महिन्याचे होते, 100 दुसऱ्या महिन्याचे आणि जुने फक्त 700. एरवी या पहिल्या दोन महिन्यांतल्यांचा वाटा बारा टक्के असायचा, तो तीस टक्क्यांवर गेला होता.

दादाचं शीट असं बोलत होतं. ऑक्टोबर: 10,00,000 मधून 40,000 गेले, 60 नवीन दुकानांचे 60,000 आले, अपग्रेडचे 8,000, एकूण 10,28,000. नोव्हेंबर 10,54,880. डिसेंबर 10,80,685. तिमाही 31,63,565.

मी त्याच्या शेजारी माझं मांडलं. तीन ओळी, बाकी काही नाही. B रकाना सप्टेंबरअखेर, C ते E पुढचे तीन महिने. दुसऱ्या ओळीत त्या महिन्याचे नवीन (हाताने भरायचे), तिसरीत दुसऱ्या महिन्यातले, चौथीत जुने. H2 ते H4 मध्ये तीन गळतीचे दर: 20%, 10%, 2.5%.

```
C3:  =B2*(1-$H$2)
C4:  =B3*(1-$H$3)+B4*(1-$H$4)
C5:  =SUM(C2:C4)
```

ही सूत्रं उजवीकडे ओढा, झालं. ऑक्टोबरात 200 मधले 160 उरतात आणि ते तिसऱ्या ओळीत उतरतात. आधीच्या 100 मधले 90 जुन्यांत जातात. 700 चे साडेसहाशेच्या वर, नेमके 682.5 राहतात (अर्धा दुकानदार बघून हसू नका, अंदाजात राउंड करायचं नसतं). 60 नवीन धरून बेरीज 992.5. म्हणजे दादाच्या कागदावर वाढ आणि माझ्या कागदावर घट! नोव्हेंबरात 1,005, डिसेंबरात 1,026. या बेरजांना 1,000 ने गुणलं आणि अपग्रेडचे 8,000 दर महिन्याला साठवत गेलं की तीन महिने मिळून 30,71,645. त्याच्यापेक्षा सुमारे 92,000 ने कमी.

गंमत अशी की डिसेंबरात माझ्याही शीटमध्ये 39 च जण गळतात, म्हणजे पुन्हा तेच चार टक्के. चूक फक्त ऑक्टोबर आणि थोडी नोव्हेंबरात होते. पण तेव्हा गेलेलं दुकान डिसेंबरातही पैसे देत नाही, म्हणून फरक शेवटपर्यंत राहतो. आणि म्हणूनच जानेवारीत चर्नचा आकडा बघणाऱ्याला सगळं ठीकठाकच दिसतं.

मी हे दाखवल्यावर दादा म्हणाला, "अगं, चार टक्के म्हणजे चार टक्के. दोन वर्षांचा अनुभव आहे. तू कशाला उगाच पीएचडी करतेस?" मी म्हटलं, "दादा, अनुभव जुन्या गिऱ्हाइकांचा आहे, हे नवीन आहेत." त्यावर त्याने मला आत्यासमोर "ही फार निगेटिव्ह बोलते" असं सांगितलं, जे मी विसरलेले नाही. आणि मग डिसेंबरचे 10 लाख 80 हजार धरून त्याने सपोर्टसाठी एक मुलगा 28,000 वर घेतला. कळव्याचा होता, कामाला चांगला. ऑक्टोबरात 80 दुकानं गेली. फेब्रुवारीत त्या मुलाला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आता प्रामाणिकपणे: माझाही आकडा चुकला. तिमाहीत प्रत्यक्ष आले 30,38,000. कारण मी ऑफरच्या 200 जणांनाही वीस टक्केच लावले होते आणि ते गेले सव्वीस टक्के. प्रिंटर कुठल्याही ॲपबरोबर चालतो हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. आज मी करत असते तर ऑफरवाल्यांची ओळ वेगळी ठेवली असती, आणि मागचा आकडा नाही म्हणून 20 आणि 30 असे दोन दर लावून दोन बेरजा दादासमोर ठेवल्या असत्या. दादा अजून म्हणतो, "बघ, तुझंही चुकलंच ना?" हो, 34,000 ने. त्याचं सव्वा लाखाने.

तुमचं चुकतंय का हे कळायला तिमाही संपायची वाट बघू नका. शेवटच्या दोन महिन्यांत आलेले ग्राहक एकूणाच्या किती टक्के आहेत ते काढा आणि वर्षभरापूर्वीचं तेच प्रमाण काढा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर सरासरी चर्न बिनधास्त वापरा, माझ्या तीन ओळींची गरज नाही. आमच्यासारखं बाराचं तीस झालं असेल तर सरासरी फेकून द्या. उलटंही होतं बरं का. साइनअप आटले की सरासरी चर्न जास्त गळती दाखवतं आणि मालक विनाकारण घाबरतो.

अपग्रेडबद्दल विचारलंय. आमच्याकडे दुसरा काउंटर जोडला की 500 रुपये वाढायचे, महिन्याला साधारण 16 दुकानं. ती जवळजवळ सगळी जुनी. म्हणून अपग्रेडचा दर चौथ्या ओळीवर लावा, बेरजेवर नाही. नाहीतर प्रिंटरसाठी आलेले 200 जणसुद्धा तुमच्या शीटमध्ये दुसरा काउंटर उघडायला लागतील. आणि दिवाळीसाठी उघडलेला काउंटर नंतर बंद होतो, ते डाउनग्रेड वजा करा. मी वरच्या हिशेबात केलेलं नाही, अपग्रेड केलेल्यांची गळतीही धरलेली नाही. आकडा लहान होता म्हणून चाललं.

अजून दोन गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या. गळतीचे दर काढताना ग्राहक सोडून गेला की त्याचं पेमेंट अडकलं, हे वेगळं करा. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा आमची त्या महिन्याची गळती दुपटीच्या वर दिसली. ती माणसं गेली नव्हती, त्यांचे पैसे कापले गेले नव्हते. लिंक पाठवल्यावर बरेच जण परत आले आणि आमच्या यादीत "नवीन" म्हणून मोजले गेले, म्हणजे चर्नही फुगला आणि साइनअपही. पिव्होट मोबाईल नंबरवर बनवा, सबस्क्रिप्शनच्या आयडीवर नको, म्हणजे परत आलेला माणूस जुन्याच ओळीत राहतो.

दुसरी, वार्षिक प्लॅन. कोणी 12,000 एकदम भरले तर महिन्याला 1,000 च महसूल धरा आणि त्याची गळती फक्त नूतनीकरणाच्या महिन्यात मोजा. या लोकांना वरच्या तीन ओळींत घालू नका, जुन्यांचा दर उगाच छान दिसायला लागतो. आमच्याकडे वार्षिकवाले मोजके होते म्हणून मला याचा त्रास झाला नाही. तुमच्याकडे निम्मे तसे असतील तर माझं शीट तुमच्या कामाचं नाही, त्यांच्यासाठी नूतनीकरणाच्या तारखांची वेगळी यादीच करा.

मी आता ऐरोलीला दुसरीकडे असते. यंदा गणपतीत आत्याकडे गेले तेव्हा दादा सांगत होता, पुढची ऑफर वजनकाट्याची आहे.