रिक्रूटरनं ‘सोमवारी कळवतो’ म्हटलं, पण कोणता सोमवार?

‘मॅडम, नोकरी शोधतेय. दहा-पंधरा ठिकाणी एकाच वेळी बोलणं चालू आहे. कोणी मेलवर, कोणी व्हॉट्सअॅपवर, कोणी शिफ्टमध्ये असताना फोन करतं. कोण काय म्हणालं होतं तेच विसरते. परत विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटतं, नाही विचारलं तर संधी जाते. काय करू?’

अशीच गत झालेली एक मुलगी वडोदऱ्यात समुपदेशनाला आली होती. घर दांडिया बजारात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत क्वालिटी विभागात. तिचं खरं नुकसान विसरण्यानं झालं नव्हतं. सावली गावातल्या एका कंपनीतल्या एकाच जागेसाठी तिला दोन कन्सल्टंटचे फोन आले. दोघांनीही ‘नामांकित कंपनी’ एवढंच सांगितलं आणि ती दोघांनाही हो म्हणाली. कंपनीकडे एकच सीव्ही दोन वाटांनी पोहोचला. फी कोणाची, यावरून वाद नको म्हणून कंपनीनं तो बाजूलाच ठेवला.

म्हणून तिच्या गूगल शीटचा पहिला स्तंभ ठरला ‘कंपनी आणि गाव’. नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायला होकार द्यायचा नाही, आणि होकार देण्याआधी याच स्तंभात ते नाव शोधायचं. बाकीचे स्तंभ साधेच: बी मध्ये व्यक्ती आणि बोलणं कुठे झालं ते, सी मध्ये शेवटच्या बोलण्याची तारीख, डी मध्ये काय ठरलं (तिनं सांगितलेला पगाराचा आकडासुद्धा इथेच, नाहीतर दुसऱ्या फेरीत वेगळाच आकडा तोंडून जातो), ई मध्ये केव्हापर्यंत, एफ मध्ये चेंडू कोणाकडे: ‘मी’ किंवा ‘ते’. जी स्तंभ शीट स्वतः भरते:

```
=IF(E2="","",IF(F2="मी",E2,WORKDAY(E2,2)))
```

कागदपत्रं तिनं पाठवायची असतील तर सवलत नाही, ई मधलीच तारीख. उत्तर त्यांच्याकडून यायचं असेल तर कबूल केलेल्या तारखेवर कामाचे दोन दिवस. गुरुवारी 13 तारखेला एचआर म्हणाले, ‘सोमवारपर्यंत कळवतो’. ई मध्ये 17 तारीख गेली, जी मध्ये बुधवार, 19 आला. त्या दिवशी विचारलं तर ते मागे लागणं होत नाही, कारण मुदत त्यांनीच दिलेली असते. निरोपही तसाच लिहायचा: कोणती जागा, 13 तारखेला काय बोलणं झालं, आता स्थिती काय. तीन ओळी पुरतात. ‘काही अपडेट?’ असं नुसतं विचारलं की समोरच्याला तुम्ही कोण हेच आधी शोधावं लागतं.

विचारायचा दिवस आला की ओळ रंगावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे घालायचं:

```
=AND($G2<>"",$G2<=TODAY())
```

पहिल्या आठवड्यात तिची शीट दोन ठिकाणी अडली. ई मध्ये तिनं ‘सोमवार’ असा शब्दच लिहिला होता, त्यामुळे जी मध्ये `#VALUE!` आलं. दुसरी चूक लपून राहिली. शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं, म्हणून 5/12 म्हणजे 12 मे धरला गेला. सेटिंग्जमध्ये लोकेल भारत केलं आणि जुन्या तारखा पुन्हा टाकल्या. तारीख खरी आहे की नुसता मजकूर, हे डोळ्यानंही कळतं: खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो.

मुदत कोणी दिलीच नाही तर? फोन ठेवण्याआधी ‘मी कधी विचारू?’ एवढं विचारायचं. तरीही गुळमुळीत उत्तर आलं तर आपणच आठवड्यानंतरची तारीख टाकायची. शिफ्टमध्ये फोन आला की शीट उघडणं जमत नाही, तेव्हा ती व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच एक ओळ पाठवायची आणि रात्री दहा मिनिटांत सगळं शीटमध्ये चढवायची. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की ‘सोमवार’ नेमका कोणता, इथूनच घोळ सुरू होतो.

गुजरातचं एक ध्यानात ठेवायचं. दिवाळीपासून लाभपांचमपर्यंत बरीच ऑफिसं बंद असतात आणि उत्तरायणातही 14-15 जानेवारीला कोणी जागेवर सापडत नाही. `WORKDAY` फक्त शनिवार-रविवार वगळतं, या सुट्ट्या त्याला ठाऊक नसतात. त्या दिवसांतली रंगलेली ओळ नकार समजू नये, ई मधली तारीख हातानं पुढे न्यावी.

दोनदा विचारून उत्तर नाही आलं तर ई रिकामी करून डी मध्ये ‘थंड’ लिहायचं, पण ओळ पुसायची नाही. तिला दोन महिन्यांनी हालोलच्या एका जागेसाठी नव्या कन्सल्टंटचा फोन आला. कंपनीचं नाव विचारून तिनं पहिल्या स्तंभात शोधलं, तर ओळ तिथेच होती, थंड. ‘माझा सीव्ही त्यांच्याकडे आधीच गेलाय, अमुक तारखेला,’ असं सांगून तिनं त्याला थांबवलं आणि पहिल्या कन्सल्टंटलाच फोन लावला.